अवशेषांचा आलेख काय सांगतो: ५० मोटारगाड्या, एक सरळ रेषा आणि तिच्यातील चूक

R या संगणकप्रणालीसोबत cars नावाची एक छोटी माहितीसारणी मिळते. १९२० च्या दशकात नोंदवलेल्या ५० निरीक्षणांत गाडीचा वेग (speed, ताशी मैलांत) आणि ती थांबेपर्यंत कापलेले अंतर (dist, फुटांत) असे दोनच रकाने आहेत. वेग ४ ते २५ पर्यंत जातो आणि अंतर २ ते १२० फुटांपर्यंत. रेषीय रिग्रेशन शिकवताना ही सारणी इतक्यांदा वापरली जाते की तिच्यातील रेषा बरोबरच असावी असे वाटू लागते. ती बरोबर नाही, आणि का नाही ते अवशेषांच्या आलेखावरून टप्प्याटप्प्याने कळते. या लेखात तेवढाच एक शोध शेवटपर्यंत नेला आहे.

सर्वांत साधी रेषा बसवली तर समीकरण असे येते: अंतर = −१७.५८ + ३.९३ × वेग. वेग ताशी एक मैलाने वाढला की थांबण्याचे अंतर जवळपास चार फुटांनी वाढते, असा त्याचा अर्थ. R² ०.६५ आहे आणि वेगाच्या सहगुणकाचे t-मूल्य साडेनऊच्या आसपास, म्हणजे हा संबंध योगायोगाने दिसत असण्याची शक्यता नगण्य आहे. अनेक अहवाल इथेच संपतात. पण R² आणि t-मूल्य यांतून एवढेच कळते की रेषा नसण्यापेक्षा ही रेषा बरी आहे. अंतराचा वेगाशी असलेला संबंध खरोखर सरळ रेषेचा आहे का, या प्रश्नाला ते आकडे हातच लावत नाहीत.

तो प्रश्न अवशेषांना विचारावा लागतो. प्रत्यक्ष अंतरातून मॉडेलने काढलेला अंदाज वजा केला की जे उरते तो अवशेष. अवशेष धन असेल तर गाडी अंदाजापेक्षा लांब जाऊन थांबली आणि ऋण असेल तर अलीकडेच थांबली. आडव्या अक्षावर मॉडेलचा अंदाज आणि उभ्या अक्षावर अवशेष घेऊन बिंदू मांडायचे आणि शून्यावर एक आडवी रेघ ओढायची.

```r
m1 <- lm(dist ~ speed, data = cars)
plot(fitted(m1), resid(m1)); abline(h = 0)
```

आडव्या अक्षावर अंदाजच का घ्यायचा आणि प्रत्यक्ष अंतर का नाही, हे आधी स्पष्ट करायला हवे, कारण ही गल्लत फार वेळा होते. प्रत्यक्ष अंतरातच अवशेष मिसळलेला असल्यामुळे त्या दोहोंचा परस्परसंबंध मॉडेल अगदी निर्दोष असले तरी शून्य येत नाही. आपल्या उदाहरणात तो ०.५९ आहे, आणि तसा आलेख काढला तर बिंदू डावीकडून उजवीकडे चढत जाताना दिसतील व नसलेला दोष शोधण्यात वेळ जाईल. याउलट अंदाज आणि अवशेष यांच्यातील परस्परसंबंध लघुतम वर्ग पद्धतीच्या गणितानेच नेमका शून्य केलेला असतो, आणि समीकरणात स्थिरांक असेल तर अवशेषांची बेरीजही शून्य असते. म्हणून या आलेखात सरळ चढ किंवा सरळ उतार दिसणे शक्यच नाही. त्यात दिसू शकतो तो केवळ आकार, आणि आकार दिसला तर तो मॉडेलच्या हातून निसटलेला असतो.

हा आकार दोन प्रकारे तपासावा लागतो आणि माझ्या मते त्यांचा क्रम महत्त्वाचा आहे. पहिला प्रश्न असा की बिंदूंचा मध्य प्रत्येक ठिकाणी शून्याच्या रेघेवर आहे का. त्यानंतरचा प्रश्न असा की त्या मध्याभोवती बिंदूंची विखुरण सगळीकडे सारखी आहे का. मध्यच चुकीच्या जागी असेल तर त्याच्याभोवतीच्या विखुरणीचे मोजमापही चुकते, म्हणून दुसऱ्या प्रश्नाला आधी हात घालू नये.

मध्यापासून सुरुवात करू. ५० गाड्यांचे वेगानुसार चार गट केले तर ताशी ४ ते १० मैल वेगाच्या ९ गाड्यांचा सरासरी अवशेष +३.२ फूट येतो, ११ ते १४ मैल वेगाच्या १४ गाड्यांचा +१.४, १५ ते २० मैल वेगाच्या २० गाड्यांचा −४.९ आणि २२ ते २५ मैल वेगाच्या ७ गाड्यांचा +७.२. दोन्ही टोकांना धन आणि मध्ये ऋण, असा खोलगट आकार तयार होतो. दुसऱ्या गटाची सरासरी किंचित धन आहे ती ताशी १४ मैल वेगाच्या दोन गाड्यांमुळे. त्या दोन गाड्या ६० आणि ८० फुटांवर थांबल्या होत्या, आणि त्यांना बाजूला ठेवले तर उरलेल्या बारा गाड्यांची सरासरी −३.८ होते. त्या दोन गाड्या लक्षात ठेवाव्यात, त्यांतील एक पुढे पुन्हा येणार आहे.

खोलगट आकाराचा अर्थ असा की खरा संबंध वर वळणारा आहे आणि आपण त्यातून सरळ रेषा ओढली आहे. अशी रेषा मधल्या भागात वक्राच्या वरून जाते आणि दोन्ही टोकांना वक्राच्या खाली राहते. या निष्कर्षाला पुष्टी देणारा एक पुरावा समीकरणातच आहे. वेग शून्य असताना हे समीकरण −१७.५८ फूट अंतर देते आणि ताशी ४ मैल वेगालाही त्याचा अंदाज −१.८ फूट आहे, म्हणजे गाडी ब्रेक लावण्याआधीच मागे जाऊन थांबली! शून्य वेग ही आकडेवारीच्या बाहेरची गोष्ट आहे असे म्हणून पहिला आकडा सोडून देता येईल, पण ताशी ४ मैल वेगाच्या दोन गाड्या सारणीत आहेत, त्यामुळे दुसरा आकडा सोडता येत नाही.

आता विखुरण. आलेखात डावीकडचे बिंदू शून्याच्या रेघेला धरून आहेत आणि उजवीकडे जाताना ते नरसाळ्यासारखे पसरत जातात. मात्र डोळ्यांवर विसंबण्याआधी एक सावधगिरी घ्यावी लागते. ज्या भागात बिंदू जास्त असतात तिथे टोकाचे बिंदूही जास्त सापडतात, आणि त्यामुळे विखुरण प्रत्यक्षात सारखी असली तरी दाट भाग रुंद दिसतो. इथे पहिल्या गटात ९ गाड्या आहेत आणि तिसऱ्यात २०, म्हणून सर्वांत वरचा व सर्वांत खालचा बिंदू यांतील अंतर मोजून गटांची तुलना करणे योग्य ठरणार नाही. त्याऐवजी प्रत्येक गटातील अवशेषांचे चिन्ह सोडून त्यांच्या आकाराची सरासरी घेतली तर चार गटांसाठी ७.१, १०.२, १३.३ आणि १५.४ फूट असे आकडे मिळतात. शेवटच्या गटात अवघ्या ७ गाड्या असूनही विखुरण सर्वाधिक आहे, त्यामुळे हे नरसाळे बिंदूंच्या संख्येमुळे भासलेले नाही.

विखुरणीतील या असमानतेला विषमविचलन म्हणतात आणि तिच्यासाठी ब्रॉयश व पेगन यांची १९७९ ची चाचणी सर्रास वापरली जाते. या रेषेवर ती मूळ स्वरूपात चालवली तर p-मूल्य ०.०३१ येते. अवशेषांचे वितरण प्रसामान्य आहे असे गृहीत न धरणारे तिचे सुधारित रूप वापरले तर तेच मूल्य ०.०७३ होते. एकाच माहितीवर, एकाच मॉडेलवर, ०.०५ च्या ठरलेल्या रेघेच्या एकदा अलीकडे आणि एकदा पलीकडे. म्हणूनच चाचणीच्या होकार-नकारावर सगळे सोपवू नये असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते. शिवाय विखुरण का वाढते हे चाचणी सांगत नाही, आणि मध्य चुकला असला तर त्याचा परिणामही ती विखुरणीच्या खात्यात मांडू शकते.

इथे एक सोपी पळवाट समोर येते. अर्थमितिशास्त्रात हॅल्बर्ट व्हाइट यांनी १९८० मध्ये मांडलेल्या पद्धतीने विषमविचलन असतानाही सहगुणकांच्या प्रमाण त्रुटी विश्वासार्हपणे काढता येतात, आणि बहुतेक संगणकप्रणालींत त्यासाठी एखादी ओळ पुरते. ही पद्धत उपयोगी आहे, पण ती ३.९३ या आकड्याभोवतीची अनिश्चितता दुरुस्त करते, तो आकडा दुरुस्त करत नाही. रेषा चुकीची असेल तर चुकीच्या रेषेच्या उताराची अनिश्चितता आपल्याला अधिक अचूकपणे कळेल इतकेच, आणि ताशी ४ मैल वेगाचा ऋण अंदाज जागच्या जागी राहील. नरसाळे दिसल्याबरोबर हा उपाय लावून मोकळे होण्याच्या सवयीमुळे मॉडेलचा मूळ दोष झाकला जातो, म्हणून मला ती घातक वाटते.

तेव्हा आधी वक्र दुरुस्त करू, आणि तो कुठून आला असेल याचे उत्तर भौतिकशास्त्रात तयार आहे. चालकाच्या मनात थांबायचे आल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंत गाडी त्याच वेगाने चालत राहते, त्यामुळे तेवढ्या काळातले अंतर वेगाच्या प्रमाणात असते. ब्रेक लागल्यानंतर मात्र गाडीची गतिज ऊर्जा घर्षणात खर्च व्हावी लागते आणि ती ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असल्यामुळे ब्रेक लागल्यानंतरचे अंतर वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढते. थांबलेल्या गाडीला थांबायला अंतर लागत नाही, म्हणून समीकरणात स्थिरांक नको.

```r
m2 <- lm(dist ~ 0 + speed + I(speed^2), data = cars)
```

याचे उत्तर येते: अंतर = १.२३९ × वेग + ०.०९०१ × वेगाचा वर्ग. या दोन आकड्यांना अर्थ आहे का, हे तपासून पाहता येते. ताशी एक मैल म्हणजे सेकंदाला १.४६७ फूट, त्यामुळे नोंदवलेल्या अंतरात चालकाच्या प्रतिक्रियेचा काळ धरलेला असेल तर १.२३९ या सहगुणकावरून तो काळ सुमारे ०.८४ सेकंद निघतो. दुसऱ्या सहगुणकावरून ब्रेक लागल्यावर वेग सेकंदाला जवळपास १२ फूट प्रति सेकंद या दराने कमी होत होता असे दिसते, जे गुरुत्वीय त्वरणाच्या सुमारे ०.३७ पट आहे. त्या काळच्या गाड्या आणि ब्रेक लक्षात घेता दोन्ही आकडे पटण्याजोगे आहेत. अर्थात १.२३९ ची प्रमाण त्रुटी ०.५६ आहे, त्यामुळे प्रतिक्रियेच्या काळाचा आकडा ढोबळच मानायला हवा.

आता नव्या मॉडेलचे अवशेष घेऊन तेच दोन प्रश्न त्याच क्रमाने विचारू. चार गटांचे सरासरी अवशेष अनुक्रमे +०.५, +३.४, −३.४ आणि +२.७ येतात. वरच्या टोकाची चूक ७.२ वरून २.७ वर आली, खालच्या टोकाची जवळजवळ नाहीशी झाली, आणि दुसऱ्या गटातील +३.४ पुन्हा त्याच दोन गाड्यांचा परिणाम आहे. खोलगट आकार राहिला नाही. ताशी ४ मैल वेगाचा अंदाजही ६.४ फूट झाला, जो प्रत्यक्षातील २ आणि १० फुटांच्या मधोमध आहे.

विखुरणीचे आकडे मात्र ६.२, १०.१, १२.९ आणि १४.४ असे आहेत, म्हणजे वक्र दुरुस्त करूनही नरसाळे जसेच्या तसे उरले आहे. या संपूर्ण तपासातील निर्णायक माहिती मला हीच वाटते. असमान विखुरण जर वक्र चुकल्यामुळे दिसत असती तर वक्र दुरुस्त होताच ती ओसरली असती. ती ओसरली नाही, म्हणून ती खरी आहे असे आता, आणि आताच, म्हणता येते.

तिचे कारणही त्याच भौतिकशास्त्रात आहे. प्रत्येक चालकाच्या प्रतिक्रियेचा काळ वेगळा, प्रत्येक गाडीचे ब्रेक आणि टायर वेगळे. या फरकांचा आकार अंतरात उतरताना वेगाने किंवा वेगाच्या वर्गाने गुणला जातो. एका चालकाला दुसऱ्यापेक्षा अर्धा सेकंद अधिक लागत असेल तर ताशी ५ मैल वेगाला तो फरक जवळपास पावणेचार फुटांचा असतो आणि ताशी २५ मैल वेगाला अठरा फुटांहून जास्त. म्हणजे नरसाळ्याचा आकार मॉडेलमध्ये नसलेल्या रकान्यांमुळेच तयार झाला आहे.

विखुरण वेगाच्या प्रमाणात वाढते असे धरले तर जास्त वेगाच्या निरीक्षणांना कमी भार देऊन रिग्रेशन पुन्हा करता येते. मग विचरण, म्हणजे या विखुरणीचा वर्ग, वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात जाते, म्हणून भार त्याच्या व्यस्त प्रमाणात घ्यायचा.

```r
m3 <- lm(dist ~ 0 + speed + I(speed^2), data = cars,
         weights = 1/speed^2)
plot(cars$speed, resid(m3)/cars$speed); abline(h = 0)
```

सहगुणक १.२६ आणि ०.०८९ येतात, म्हणजे आधीच्यापेक्षा जेमतेम हललेले. मध्य योग्य असताना असेच अपेक्षित असते, कारण भार बदलल्याने अंदाजाची अचूकता बदलते, अंदाजाचे लक्ष्य बदलत नाही. भार दिल्यावर सहगुणक मोठ्या प्रमाणात सरकले असते तर मध्य अजूनही चुकलेला आहे असा तो इशारा ठरला असता. पहिल्या सहगुणकाची प्रमाण त्रुटी ०.५६ वरून ०.४३ वर आली. त्याहून मोठा फरक अंदाजाच्या मर्यादांत पडतो. विखुरण आता प्रमाण विचलनाने मोजली तर मूळ रेषेनुसार ती प्रत्येक वेगाला १५.४ फूट होती, तर आता ती वेगाच्या ०.९७ पट, म्हणजे ताशी ५ मैलांना सुमारे ५ फूट आणि २४ मैलांना सुमारे २३ फूट आहे. रस्त्यावर किती अंतर मोकळे ठेवावे हे कोणी या मॉडेलवरून ठरवणार असेल तर मूळ रेषा त्याला संथ गाडीसाठी विनाकारण घाबरवते आणि वेगवान गाडीसाठी खोटा दिलासा देते. दुसरी चूक अधिक गंभीर आहे.

निवडलेले भार नेमके बरोबर आहेत का, हेही अवशेषच सांगतात. अवशेषाला वेगाने भागल्यावर पहिल्या गटातील सरासरी आकार ०.८४ येतो आणि शेवटच्या गटातील ०.६१. म्हणजे नरसाळे आता किंचित उलटे झाले असून विखुरण वेगाच्या प्रमाणापेक्षा थोडी संथ वाढत असावी. पण शेवटच्या गटातील ७ गाड्यांवरून इतका बारीक फरक ठरवणे धाडसाचे होईल, म्हणून मी हे भार तसेच ठेवीन. काही जण इथे अंतराचे वर्गमूळ घेऊन त्यावर सरळ रेषा बसवतात, आणि त्याने वक्र व विखुरण दोन्ही एकाच वेळी बरेचसे सुधारतात. त्या मॉडेलचा R² ०.७१ येतो, पण तो वर्गमुळांच्या मापातला असल्यामुळे ०.६५ शी त्याची तुलना करता येत नाही, आणि प्रतिक्रियेचा काळ व ब्रेकची ताकद यांचे वेगवेगळे आकडेही त्यातून मिळत नाहीत.

आता ताशी १४ मैल वेगाच्या त्या दोन गाड्यांपैकी ८० फुटांवर थांबलेली गाडी पाहू. सरळ रेषेच्या आलेखात दोन बिंदू सर्वांत वर होते, एक ही गाडी आणि दुसरी ताशी २४ मैल वेगाची, १२० फुटांवर थांबलेली. त्यांचे अवशेष ४२.५ आणि ४३.२ फूट, म्हणजे जवळजवळ सारखे, आणि त्या आलेखावरून दोन्ही सारख्याच संशयास्पद ठरल्या असत्या. भारित मॉडेलमध्ये ताशी २४ मैल वेगाला २३ फुटांची विखुरण स्वाभाविक आहे, त्यामुळे त्या गाडीचा ३८ फुटांचा अवशेष तिच्या सुमारे १.७ पट ठरतो, आणि ५० निरीक्षणांत असे एखादे सापडणे नवलाचे नाही. ताशी १४ मैल वेगाला मात्र स्वाभाविक विखुरण १३.६ फूट आहे आणि अवशेष ४५ फूट, म्हणजे ३.३ पट. खरी विसंगत नोंद ही एकच आहे.

ती सारणीतून काढून टाकण्याचा अधिकार त्या आकड्याने आपल्याला मिळत नाही. रस्ता ओला होता का, ब्रेक झिजलेले होते का, की नोंद करताना चूक झाली, हे सांगणारा तिसरा रकाना इथे नाही. असा रकाना असता तर तो मॉडेलमध्ये घालून हीच तपासणी पुन्हा केली असती, आणि त्याने नरसाळे अरुंद झाले असते तर विखुरणीचा तेवढा भाग त्या कारणाचा होता हे कळले असते. तो नसताना ही नोंद ठेवून एकदा आणि वगळून एकदा मॉडेल बसवावे आणि दोन्ही वेळचे सहगुणक अहवालात शेजारी शेजारी द्यावेत.